पावलं चालून प्रीमियम कमी होतो म्हणे, मग माझी सवलत 0% कशी?

जुळेसोलापूरकर | 12 मे 2026, रात्री 9:40

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय. मागच्या वर्षी 11 जूनला घरच्यासाठी आरोग्य विमा घेतला. मी 41, बायको 38 आणि मुलगी, तिघांची मिळून एकच फॅमिली फ्लोटर. घेताना सांगितलं होतं की कंपनीचं ॲप टाका, रोज 10 हजार पावलं चाला, नूतनीकरणाला 30% सूट. त्या नादात घड्याळ घेतलं. पावसाळा असो की आत्ताचा 43 अंशाचा उन्हाळा, पहाटे साडेपाचला सिद्धेश्वर तलाव गाठतो. दोनदा कुत्री मागे लागली तरी सोडलं नाही.

काल नूतनीकरणाची नोटीस आली. त्यात 'वेलनेस सवलत' या ओळीपुढे 0. भोपळा! ॲपमध्ये माझे 193 दिवस दाखवतात, घड्याळ म्हणतं 226. म्हणजे 33 दिवस कंपनीने खाल्ले. एजंटला फोन केला तर म्हणतो, "साहेब, गेल्या वर्षी 25,488 भरले, यंदा 23,100 आलेत, म्हणजे चालण्याचा फायदा झालाच की."

वर ॲप आता नाडीचे ठोके, झोप, वजन अशा सगळ्या परवानग्या मागतंय. नाही दिल्या तर आणखी दिवस कापतील का? आणि उद्या क्लेम आला की हीच माहिती काढून "तुम्ही चालतच नव्हता" म्हणतील का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण नको, उत्तर हवंय.

---

तलावफेरी | 12 मे, रात्री 10:05

33 दिवसांचा फरक म्हणजे घड्याळ स्वस्तातलं असणार. मनगटावर दोन बोटं सोडून बांधा, सैल बांधलं की पावलं चुकतात. मी गेल्या महिन्यात नवीन घेतलंय, जीपीएस मस्त आहे. हवं असेल तर मॉडेल सांगतो.

---

जुळेसोलापूरकर | 12 मे, रात्री 10:11

दादा, घड्याळ बरोबरच मोजतंय. त्यातले दिवस ॲपमध्ये पोचत नाहीयेत.

---

वकिली_कट्टा | 12 मे, रात्री 10:30

सरळ नोटीस पाठवा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. आरोग्याची माहिती संवेदनशील असते, विमा कंपनीला ती मागण्याचा अधिकारच नाही. तुमची संमती मोकळेपणाने दिलेली असली पाहिजे, इथे तर सवलतीचं गाजर दाखवून घेतली आहे. प्रकरण त्या कायद्यातल्या डेटा संरक्षण बोर्डाकडे न्या, दंड बसेल.

---

शुभदा_काकू | 13 मे, सकाळी 7:20

जुळेसोलापूरकर, तीन गोष्टी लिहून टाका म्हणजे बोलता येईल. पॉलिसीच्या पुस्तिकेत वेलनेसचा तक्ता असतो, तो जसाच्या तसा. दिवस कोणत्या तारखेपर्यंत मोजतात ते. आणि मिसेसचे ॲपमधले दिवस किती.

एजंटच्या बोलण्याचा हिशोब मात्र आत्ताच करते. गेल्या वर्षीचे 25,488 म्हणजे 21,600 मूळ हप्ता आणि त्यावर 18% जीएसटीचे 3,888. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. यंदाचे 23,100 हा नुसता हप्ता आहे, कर नाही. म्हणजे कंपनीने तुमचा हप्ता 21,600 वरून 23,100 वर नेला, 1,500 ने वाढवला. कमी झाला तो सरकारचा कर, तुमच्या चालण्याने एक रुपयाही कमी झालेला नाही. एजंटला हे माहीत असावं, नसेल तर जास्त वाईट.

---

विमासल्लागार_एमएच13 | 13 मे, सकाळी 9:02

काकू, सगळ्या एजंटांना एकाच माळेत ओवू नका. आम्हाला ट्रेनिंगमध्ये '30% पर्यंत' असंच सांगतात. गिऱ्हाईक 30 ऐकतं, 'पर्यंत' ऐकत नाही. बाकी माझ्या माहितीप्रमाणे वर्षाची सरासरी धरतात. रोज 10 हजार नाही झाले तरी चालतं, वर्षाची एकूण पावलं भागिले 365 केलं की झालं.

---

जुळेसोलापूरकर | 13 मे, दुपारी 1:15

काकू, ऑफिसमधून लिहितोय. पुस्तिका पीडीएफ आहे, 62 पानं. पान 41 वर सापडलं. माझ्या शब्दांत लिहितो:

एका दिवसात 10 हजार किंवा जास्त पावलं झाली की तो 'सक्रिय दिवस'. 270 सक्रिय दिवसांना 30%, 180 ला 15%, 120 ला 10%. त्याखाली काही नाही. मोजणी पॉलिसी वर्षाच्या पहिल्या 10 महिन्यांची. फ्लोटरमध्ये सगळ्या प्रौढ सदस्यांच्या सक्रिय दिवसांची सरासरी धरणार.

बायकोचे 46.

---

शुभदा_काकू | 13 मे, दुपारी 2:50

हे आलं म्हणून बरं झालं. आता तुमचं भांडण नेमकं किती रुपयांचं आहे ते कळेल.

तुमची पॉलिसी 11 जूनला सुरू झाली, म्हणजे मोजणी 11 जून 2025 ते 10 एप्रिल 2026. हे 304 दिवस होतात, 365 नाहीत. त्यातले 270 हवेत, म्हणजे ताप, लग्न, प्रवास, पाऊस सगळं मिळून 34 दिवस सुटी. 10 एप्रिलनंतर तुम्ही जे चाललात ते या वर्षाच्या सवलतीत धरलंच जात नाही. तसं का, तर नोटीस महिना-दीड महिना आधी काढावी लागते आणि त्याआधी त्यांना आकडा गोठवायचा असतो.

आता सरासरी. ॲपप्रमाणे तुमचे 193, त्यांचे 46, बेरीज 239, निम्मे 119.5. हवे होते 120. अर्ध्या दिवसाने हुकलंय. म्हणून 0.

घड्याळाचे सगळे 226 मान्य झाले तर बेरीज 272, सरासरी 136. मिळतात 10%, म्हणजे 23,100 वर 2,310 रुपये. तुम्ही 33 दिवसांसाठी भांडताय, पण लागतोय एकच दिवस. आणि 33 च्या 33 मिळाले तरी 10% च्या पुढे जात नाही, कारण 15% ला बेरीज 360 लागते. 30% ला 540. मिसेसचे 46 धरले तर तुम्हाला 494 दिवस चालावं लागलं असतं, आणि मोजणीचे दिवसच 304.

एमएच13, दिवस मोजणं आणि पावलांची सरासरी काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काही पॉलिसींत पावलांची सरासरी धरतात, त्या असतात. यांची तशी नाही. पान 41 वर जे लिहिलंय तेच चालणार.

---

अण्णा_अशोकचौक | 13 मे, सायंकाळी 7:35

काकू लई भारी हिशोब. आता माझं ऐका. गेल्या कोजागिरीला आम्ही तुळजापूरला चालत गेलो, 45 किलोमीटर. मोबाईलवर साठ हजारांच्या वर पावलं पडली. मला वाटलं सहा दिवसांचं काम एका रात्रीत झालं. ॲपमध्ये दोन दिवस धरले, ते पण रात्री बाराच्या आधी दहा हजार झाले म्हणून. नाहीतर एकच!

आणि आमच्या यंत्रमाग कारखान्यातला किस्सा. आमचा एक पोरगा मोबाईल मागाच्या चौकटीवर ठेवून काम करायचा. दुपारच्या डब्यापर्यंत सहा-सात हजार पावलं. आम्ही म्हटलं, अरे बे, तू तर खुर्चीवर बसलास! मागच चालतोय आणि पोरगा निरोगी होतोय.

---

कोडवाला_पुणे | 13 मे, रात्री 8:10

अण्णा, हसू आलं पण त्यामागे कारण आहे. फोनमधला सेन्सर पाय बघत नाही, हलण्याचा ठेका बघतो. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. तुमचा साधा माग मिनिटाला किती ठोके मारतो?

---

अण्णा_अशोकचौक | 13 मे, रात्री 8:14

टॉवेलचा जुना माग सव्वाशेच्या आसपास.

---

कोडवाला_पुणे | 13 मे, रात्री 8:31

म्हणजे सेकंदाला दोनच. सेन्सरच्या दृष्टीने तुमचा माग झपझप चालणारा माणूस आहे. पण असं कोणी मुद्दाम करू नका. तासन्तास एकाच गतीने, मध्ये एक क्षणही न थांबता चालणारा माणूस नसतो, आणि तासागणिक नोंद पाहिली की ते उघडं पडतं. खोटी पावलं सापडली तर सवलत जाईलच, शिवाय पॉलिसीत फसवणुकीचं कलम असतं. दोन हजारांसाठी पाच लाखांच्या विम्यावर प्रश्नचिन्ह कशाला.

आता जुळेसोलापूरकर यांचे 33 दिवस. मी अँड्रॉइडवर काम करतो, अशी तक्रार बऱ्याचदा पाहिली आहे. एक सांगा, मध्ये कधी विमा कंपनीचं ॲप काढून परत टाकलं होतं का?

---

जुळेसोलापूरकर | 13 मे, रात्री 9:20

हो! फोन भरला होता म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला काढलं. म्हटलं पावलं घड्याळात आहेतच. ऑक्टोबरात परत टाकलं. तारीख बघतो... काढलं 2 ऑगस्ट, टाकलं 12 ऑक्टोबर. तुम्हाला कसं कळलं?

---

कोडवाला_पुणे | 13 मे, रात्री 10:02

आकड्यावरून अंदाज केला. पावलं कशी जातात ते बघा. घड्याळ आपल्या ॲपला देतं. ते ॲप फोनमधल्या हेल्थ कनेक्ट नावाच्या पेटीत टाकतं. ही पेटी फोनमध्येच असते, बाहेर कुठे नाही. विमा कंपनीचं ॲप त्या पेटीतून उचलतं आणि आपल्या सर्व्हरवर नेतं. पूर्वी हे काम गुगल फिटवरून चालायचं, आता सगळे इकडे सरकतायत.

या पेटीचा एक नियम आहे. ॲपला ज्या दिवशी परवानगी मिळते, त्याच्या आधीचे फक्त 30 दिवस त्याला वाचता येतात. ॲप काढलं की परवानगी गेली. परत टाकलं की नवी परवानगी, आणि पुन्हा मागचे 30 दिवसच. तुमचं ॲप 71 दिवस फोनवर नव्हतं. त्यातले 30 त्याने नंतर उचलले. उरलेले 41 त्याला दिसलेच नाहीत. त्या 41 पैकी 33 दिवस तुम्ही 10 हजार केले असणार.

कंपनीने खाल्लेले नाहीत. ते अजून तुमच्या फोनमध्येच पडून आहेत.

सेटिंग्जमध्ये हेल्थ कनेक्ट उघडा, त्यात विमा ॲपचं नाव दाबा. खाली Access past data असा खटका दिसतो का बघा. तो सुरू केला तर 30 दिवसांच्या मागचंही वाचता येतं. पण ॲप बनवणाऱ्याने ती सोय मागितलेली असेल तरच तो दिसतो.

---

जुळेसोलापूरकर | 13 मे, रात्री 10:20

नाही दिसत.

---

कोडवाला_पुणे | 13 मे, रात्री 10:26

प्ले स्टोअरमध्ये ॲपचं अपडेट आहे का बघा, घाई नाही. पण आता काहीही झालं तरी ॲप काढू नका. आणि घड्याळाच्या ॲपमधून ऑगस्ट ते ऑक्टोबरची रोजची पावलं फाईल करून मेलवर घेऊन ठेवा.

---

मीनल_होटगीरोड | 14 मे, सकाळी 11:00

पावलांचं सोडा, ती निरुपद्रवी आहेत. मी रिपोर्ट टाकून बसले त्याचं सांगते.

माझ्या ॲपमध्ये वार्षिक तपासणीचा रिपोर्ट अपलोड केला की जास्तीचे पॉइंट. गेल्या वर्षी टाकला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, एचबीए1सी, 6.1. मधुमेह नाही, सीमेवर. तेव्हापासून 'हेल्थ कोच'चे फोन सुरू, भाकरी किती खाता, चटणीला तेल किती. शेंगा चटणीला तेल किती हे सोलापूरच्या बाईला विचारतात! तेही ठीक. पण मार्चमध्ये मी विमा 5 लाखांवरून 10 लाख करायला अर्ज दिला. तर कंपनीने शुगरचे रिपोर्ट मागवले आणि वाढीव 5 लाखांवर मधुमेहाशी संबंधित आजारांना तीन वर्षं थांबा लावला, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळणार नाही. मी फॉर्ममध्ये 'मधुमेह आहे का' पुढे नाही लिहिलं होतं, खरंच नाही ना. मग त्यांना कुठून कळलं? ॲपमधूनच.

---

वकिली_कट्टा | 14 मे, सकाळी 11:40

हेच म्हणत होतो मी. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरली. सरळ सरळ कायद्याचा भंग.

---

शुभदा_काकू | 14 मे, दुपारी 3:30

मीनलताई, आधी घाबरू नका. तुमचे जुने 5 लाख जसेच्या तसे आहेत. तुमची शुगर वाढली म्हणून एकटीचा हप्ता वाढवणं किंवा नूतनीकरण नाकारणं कंपनीला चालत नाही. वाढ करायची तर त्या योजनेतल्या सगळ्यांची होते. पण विम्याची रक्कम वाढवायला अर्ज केला की त्या वाढीव भागापुरतं तुम्ही नवं गिऱ्हाईक असता, आणि तिथे तब्येत तपासायची मुभा त्यांना आहे. आधीपासूनच्या आजारासाठी थांबा 36 महिन्यांपर्यंत लावता येतो. तोच लावलाय. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायला गेलात तरी हाच प्रश्न येईल.

त्यांना ॲपवरून कळलं का? शक्य आहे. पण रक्कम वाढवायचा अर्ज चाळिशीनंतर आला की रिपोर्ट मागवणं ही नेहमीची पद्धतही आहे. मी 19 वर्षं या कामात होते, अर्ज तपासणाऱ्या टेबलावर ॲपचा स्क्रीन उघडा नसायचा. आता असतो की नाही ते मी छातीठोक सांगणार नाही. कंपनीला लेखी विचारा की निर्णयासाठी कोणती कागदपत्रं पाहिली.

आणि फॉर्ममधल्या 'नाही' बद्दल. बहुतेक फॉर्मवर मधुमेहाच्या पुढेच दुसरा प्रश्न असतो, की गेल्या काही वर्षांत कोणत्या तपासणीत काही अनियमित आलं का. त्याला तुम्ही काय लिहिलं ते बघा.

---

मीनल_होटगीरोड | 14 मे, दुपारी 4:05

बघितलं. त्यालाही नाही लिहिलंय. मुलीने मोबाईलवर भरला होता, टिक टिक टिक. आता काय करू?

---

शुभदा_काकू | 14 मे, दुपारी 4:30

आजच मेल करा, त्या प्रश्नाचं उत्तर चुकलं होतं, 6.1 चा रिपोर्ट सोबत जोडला आहे म्हणून. थांबा लागलेलाच आहे, आणखी वाईट काय होणार. आत्ता सांगितलेलं आणि क्लेमच्या वेळी त्यांनी शोधून काढलेलं यात फार फरक पडतो.

वकिली_कट्टा, तुमचं अर्धं बरोबर आहे. त्या कायद्यात संवेदनशील माहिती असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. तो 2011 च्या जुन्या नियमांत होता. कंपनीला मागण्याचा अधिकार नाही असंही नाही, संमती घेऊन मागता येतं. आणि नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होणार, म्हणजे 2027 चा मे. तोपर्यंत बोर्डाकडे दंडासाठी धावण्यात अर्थ नाही. सवलतीचं गाजर म्हणजे मोकळी संमती की नाही, हा तुमचा मुद्दा मात्र मला पटतो. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

---

वकिली_कट्टा | 14 मे, सायंकाळी 6:00

2027 चं लक्षात नव्हतं. मान्य. पण जुने 2011 चे नियम तोपर्यंत आहेत ना, मग त्यांच्याखाली तरी?

---

शुभदा_काकू | 14 मे, सायंकाळी 6:20

आहेत. पण त्यांच्याखाली भरपाई मागायची तर तुमचं नुकसान झालं हे दाखवावं लागतं. मीनलताईंचं नुकसान नेमकं किती रुपयांचं, सांगा बरं.

---

जुळेसोलापूरकर | 14 मे, रात्री 9:15

मंडळी, माझ्या परवानग्यांचं राहिलं. आज सौ.चा फोन घेऊन बघितला. तिच्याकडे ॲप मीच टाकलं होतं आणि पटापट होकार देत गेलो होतो. हेल्थ कनेक्टमध्ये पावलं, अंतर, कॅलरी, नाडी, झोप, वजन, सगळं सुरू.

---

कोडवाला_पुणे | 14 मे, रात्री 9:50

त्या यादीच्या वर Allow all असा एकच खटका असतो, घाईत सगळे तोच दाबतात. खाली प्रत्येकाचा वेगळा आहे. तुमच्या पॉलिसीत फक्त पावलं मोजतात, तर पावलं सोडून बाकी बंद करा. पावलांचे दिवस त्याने कमी होत नाहीत. ॲप चिडचिड करेल, 'प्रोफाईल अपूर्ण' म्हणेल, म्हणू द्या. लोकेशनची परवानगी हेल्थ कनेक्टच्या बाहेर, फोनच्या साध्या परवानग्यांत असते. पावलांना लोकेशन लागत नाही. तुम्ही रोज साडेपाचला तलावावर असता आणि घर रिकामं असतं हे कोणाला कळायची गरज नाही.

एवढं लक्षात ठेवा की बंद केल्याने पुढचं जाणं थांबतं. सर्व्हरवर गेलेलं परत येत नाही.

---

तलावफेरी | 14 मे, रात्री 10:10

वहिनींचे 46 च का? घरात बायका दिवसभर फिरतच असतात की.

---

जुळेसोलापूरकर | 14 मे, रात्री 10:25

तिलाच विचारलं. म्हणाली, "फोन कुठं असतो माझा? ओट्यावर. साडीला खिसा शिवून द्या मग मोजा." ती शाळेत शिकवते, तिथे वर्गात फोन चालत नाही. 46 दिवस आले ते नवरात्रात पहाटे रूपाभवानीला चालत जायची तेव्हाचे, गड्ड्याच्या यात्रेतले, आणि सुटीत माझ्यासोबत तलावावर आली तेवढे. तुळजापूरला ती पण होती, पण तिच्या फोनची बॅटरी रात्री अकरालाच गेली. अण्णांना दोन दिवस मिळाले, तिला एक.

---

अण्णा_अशोकचौक | 14 मे, रात्री 10:40

तो दुसरा दिवस मिळाला असता तर बेरीज 240 झाली असती की हो! नेमके 120!

---

जुळेसोलापूरकर | 14 मे, रात्री 10:42

अण्णा, जखमेवर मीठ नको.

---

विमासल्लागार_एमएच13 | 15 मे, सकाळी 10:15

सर, एक सुचवू का? वहिनींना घड्याळ घेऊन द्या. पुढच्या वर्षी त्यांचे 134 आणि तुमचे 226 झाले तरी बेरीज 360, 15% बसतात.

---

शुभदा_काकू | 15 मे, सकाळी 11:30

हिशोब बरोबर आहे. पण 23,100 चे 15% म्हणजे 3,465, आणि नुसत्या 10% च्या वर 1,155 जास्त. घड्याळ केवढ्याला?

जुळेसोलापूरकर, तुम्ही आता हे करा. नोटीसमधले पैसे वेळेत भरा. सवलतीच्या वादात पॉलिसी तुटू देऊ नका, थांब्याची मोजणी बिघडली तर 2,310 च्या कितीतरी पट जाईल. भरताना मेल करा की सवलतीबाबत तक्रार कायम ठेवून भरत आहे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. मजकुरात 30% चं नाव काढू नका, एजंट काय बोलला तेही नको. पान 41, मोजणीच्या तारखा, घड्याळाची फाईल, आणि बेरीज 239 ऐवजी 272 हवी, एवढंच. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. सोलापूरसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही.

क्लेमचं विचारलं होतं तुम्ही. कमी चाललात म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसीत रोज चालण्याची अट नाही, ती फक्त सवलतीची अट आहे. क्लेम अडतो तो न सांगितलेल्या आजारावर. म्हणून मीनलताईंचा मुद्दा तुमच्या पावलांपेक्षा मोठा आहे.

---

जुळेसोलापूरकर | 8 जून, रात्री 9:05

उशीर झाला, पण काय झालं ते लिहितो.

पैसे भरले, 23,100. मे अखेरीस ॲपचं अपडेट आलं आणि कोडवाले म्हणाले तो Access past data चा खटका दिसला. सुरू केला, रात्रभर फोन वायफायवर ठेवला. सकाळी 226! पण 'सवलतीसाठी पात्र दिवस' तिथे अजून 193 च. कंपनीचं उत्तर आलं की मोजणी 10 एप्रिलला बंद झाली, नंतर आलेली माहिती धरत नाही. मी परत लिहिलं की चालणं 10 एप्रिलच्या आधीचंच आहे, पोचायला उशीर झाला, आणि पान 41 वर माहिती कधी पोचली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यावर अजून उत्तर नाही. 30 दिवस झाले की पुण्याला पाठवणार.

दुसरं म्हणजे सौ.ने हा धागा वाचला. मीनलताईंचा भाग दोनदा वाचला. म्हणाली, माझ्या फोनमधून ॲप काढा. काढलं. आता पुढच्या वर्षी तिचे शून्य धरणार. मी एकट्याने 240 दिवस केले तर सरासरी 120, आणि 10%. म्हणजे 304 पैकी 64 सुट्या.

---

मीनल_होटगीरोड | 8 जून, रात्री 9:40

वहिनींना सांगा, ॲप काढायच्या आधी त्यातून खातं बंद करायचा पर्याय दाबायला हवा होता. नुसतं काढलं तर खातं तिकडे राहतं. मी आधीचे रिपोर्ट काढून टाका म्हणून मेल केलाय. उत्तर आलं, 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.'

माझा थांबा तसाच आहे. पण तो चुकलेल्या उत्तराचा मेल केला, पोच आली, प्रिंट काढून पॉलिसीला टाचून ठेवली. कोणती कागदपत्रं पाहिली या प्रश्नाला मात्र बगल दिली त्यांनी.

---

शुभदा_काकू | 9 जून, सकाळी 7:10

मीनलताई, विम्याच्या कामासाठी आलेला रिपोर्ट त्यांना काही वर्षं ठेवावाच लागतो, तो जाणार नाही. नुसता पॉइंटसाठी दिलेला रिपोर्ट काढता यायला हवा. तुमचा दोन्हीकडे गेलाय, त्यामुळे ते कोणत्या खात्यात धरतात ते बघू. उत्तर आलं की इथे टाका.

जुळेसोलापूरकर, तुमचा पोचण्याच्या तारखेचा मुद्दा चांगला आहे. लोकपालांकडे तोच पहिल्या परिच्छेदात लिहा.

---

अण्णा_अशोकचौक | 9 जून, सकाळी 8:00

आणि 11 तारखेपासून नवीन मोजणी सुरू होते ना. परवा पहाटे तलावावर भेटू. फोन चार्ज करून या.